अंगठी आणि ताईत: स्मृती गेलेली सून आणि हरवलेला वारस

आमच्या कोथरूडच्या घरी रात्री आठची मालिका लागली आणि नायिकेनं डोळे उघडून "मी कुठे आहे?" विचारलं, की मावशी म्हणते, "झालं, मागच्या मालिकेतलंच! त्यालाही आपण कोण ते ठाऊक नव्हतं." पण मागच्या मालिकेतला 'तो' हरवलेला वारस होता. स्वतःची ओळख दोघांनाही नसते, म्हणून गल्लत होते. कथा मात्र उलट्या दिशांनी चालतात.

स्मृती गेलेल्या सुनेला अख्खं घर ओळखतं, तीच कुणाला ओळखत नाही. वारस त्याच दिवाणखान्यात सगळ्यांना चहा देत असतो आणि त्याला कुणीच ओळखत नाही, एक कपटी काकू सोडून. त्यामुळे काकूचं कामही बदलतं. सुनेपाशी ती बोलते: "अगं, तुझं लग्न माझ्या भाच्याशी ठरलं होतं." वारसापाशी ती गप्प राहते आणि वस्तू लपवते: जन्मदाखला, लॉकेट, डीएनएचा अहवाल.

कालिदासाच्या शाकुंतलात या दोन्ही युक्त्या शेजारीशेजारी आहेत. दुर्वासांच्या शापामुळे दुष्यंत शकुंतलेला विसरतो. कोळ्याला माशाच्या पोटात सापडलेली अंगठी पाहताच त्याला सगळं आठवतं. पुढे सातव्या अंकात त्याला सिंहाच्या छाव्याचे दात मोजणारा मुलगा भेटतो. मुलाच्या मनगटावरचा ताईत गळून पडतो. आईवडील किंवा तो स्वतः सोडून कुणी तो उचलला, तर त्याचा साप होऊन डसतो. दुष्यंत तो सहज उचलतो आणि तापसी थक्क होतात. अंगठीचं काम एका माणसाच्या मनात होतं. ताईताला साक्षीदार लागतात. म्हणूनच मालिकेत सुनेला सगळं एकटीनं, देवघरात आठवलं तरी चालतं, पण वारसाचं गुपित भर मांडवातच फुटावं लागतं.

मला वारसाची कथा जास्त दमदार वाटते. आठवड्यातले सहा दिवस भाग द्यायचा, तर पात्रानं काहीतरी करायला हवं. वारस नोकरी करतो, प्रेमात पडतो, सख्ख्या बापाशी नकळत भांडतो, आणि आपल्याला खरं ठाऊक असल्यानं ते भांडण काळजाला लागतं. सुनेला आपला हक्कच आठवत नाही, मग ती भांडणार कशासाठी? दोन-तीन आठवड्यांत तिच्या वाट्याला नुसतं डोकं धरून बसणं उरतं. शिवाय स्मृती परतली की कथा होती तिथेच येते. वारस उघड झाला की वाड्याची मालकी आणि नाती कायमची बदलतात.

(डोक्याला पुन्हा मार लागून स्मृती परतणं मात्र निव्वळ मालिकेतलं. खऱ्या आयुष्यात दुसऱ्या माराने इजा वाढते.)

लहानपणीच्या अपघातात स्मृती जाऊन हरवलेला मुलगा आला, की दोन्ही एकत्र होतात. तेव्हा पटवायचं कुणाला आहे ते पाहावं. त्याला स्वतःला पटवायचं असेल तर ती अंगठीची कथा, घराला पटवायचं असेल तर ताईताची.