लोमिटापाइड परदेशातून मागवायचं असेल तर मुलाची फाइल कशी लावावी

मुलाच्या कोपरावर, गुडघ्यावर, बोटांच्या पेरांवर पिवळसर गाठी, आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल पाचशेच्या पुढे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी दोन्ही सदोष जनुकं आली, की होमोझायगस फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आजार होतो. अशा मुलांत स्टॅटिन कमी पडतं, त्यात डॉक्टरांची चूक नसते. यकृतावरचे एलडीएल उचलणारे रिसेप्टर वाढवणं हे स्टॅटिनचं काम, आणि या मुलांत तेच रिसेप्टर निकामी असतात. इझेटिमाइब जोडूनही आकडा बराच वर राहतो. मग पुढच्या वाटांपैकी दोन अशा. एलडीएल अफेरेसिस म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून एलडीएल गाळून घेणं. लोमिटापाइड यकृतात आणि आतड्यात चरबीचे कण तयार होण्याआधीच अडवतं, त्यामुळे त्याला रिसेप्टर लागत नाही.

हे औषध इथल्या दुकानात मिळत नसेल, तर एका रुग्णासाठी ते मागवायला केंद्रीय औषध नियंत्रकांकडे फॉर्म १२-ए भरावा लागतो. अर्ज सुगम पोर्टलवर होतो आणि मंजुरी फॉर्म १२-बी वर मिळते. कस्टममध्ये पार्सल सोडवताना हाच परवाना दाखवायचा. सरकारी रुग्णालय स्वतः औषध आणणार असेल तर त्यांची वाट वेगळी, सीटी-२४ या फॉर्मची. ते काम रुग्णालयानेच करायचं.

पालकांच्या हातात सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन. कुरिअरने येणाऱ्या औषधाचं प्रमाण त्यावरूनच ठरतं. नुसतं नाव लिहून भागत नाही. कॅप्सूल किती मिलिग्रॅमची, रोज किती, किती महिन्यांसाठी, हे सगळं त्यावर हवं. लहान मुलांत डोस अगदी कमीपासून सुरू करून पायरीपायरीने वाढवतात. म्हणून पुढची पायरी कधी अपेक्षित आहे तेही लिहून घ्या, नाहीतर डोस वाढला की हातातल्या परवान्यात ती कॅप्सूल नसते. सोबत मुलाचं आणि अर्ज करणाऱ्या पालकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आजाराचे रिपोर्ट ठेवा. आईवडिलांचे स्वतःचे लिपिड रिपोर्ट, जनुक तपासणी आणि हृदयाचा इको फाइलमध्ये असला की निदानाबद्दल शंका उरत नाही.

आता रिपोर्ट कसे लावायचे ते. माझा सगळा भर इथेच आहे, कारण अफेरेसिस चालू असलेल्या मुलाचा सुटा आकडा फसवतो. समजा सात वर्षांची एक मुलगी आहे. उपचारांआधी एलडीएल ६४०, स्टॅटिन आणि इझेटिमाइबवर ४८०. अफेरेसिस सुरू झालं, दर पंधरा दिवसांनी एक बैठक. बैठक संपताच १५०, पुढच्या बैठकीआधी पुन्हा ४२०. फाइलमध्ये १५० चाच रिपोर्ट असेल तर वाचणाऱ्याला वाटेल, आजार आटोक्यात आहे, मग नवं औषध कशाला? प्रत्यक्षात बैठकीनंतर आकडा आधी भराभर चढतो, मग हळू. म्हणून सरासरी काढताना दोन्ही आकड्यांतल्या फरकाचे ०.७३ पट खालच्या आकड्यात मिळवतात. फरक २७०, त्याचे ०.७३ पट म्हणजे सुमारे १९७, आणि १५० मिळवून ३४७. या मुलीच्या रक्तवाहिन्या पंधरा दिवस साधारण साडेतीनशे सोसतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ साली मुलांसाठी ११५ च्या खालचं लक्ष्य सांगितलं आहे. डॉक्टरांच्या पत्रात बैठकीआधीचा, बैठकीनंतरचा आणि सरासरीचा असे तिन्ही आकडे तारखेसह मागून घ्या, आणि प्रत्येक रिपोर्टवर पेनाने ‘बैठकीआधी’ किंवा ‘बैठकीनंतर’ असं लिहून ठेवा.

अफेरेसिस दर आठवड्याला केलं तर सरासरी आणखी उतरते. पण लहान मुलाची शीर दरवेळी मिळणं, दोन-चार तास पडून राहणं, शाळा बुडणं, हे सगळं त्यात आलंच. सुईला बसण्याइतकी शीर नाही किंवा वजन कमी आहे म्हणून अफेरेसिस जमत नसेल, तर तेही पत्रात कारण म्हणून यायला हवं.

पाच ते सतरा वर्षांच्या ४३ मुलांवरच्या अभ्यासात लोमिटापाइडने २४ आठवड्यांत एलडीएल सरासरी निम्म्याहून थोडं जास्त उतरलं. त्याची किंमत यकृत आणि पोट मोजतात. म्हणून सुरू करण्याआधीचा यकृताचा रिपोर्ट फाइलमध्ये हवाच, आणि पुढे प्रत्येक डोसवाढीआधी एएलटी हे यकृताचं एन्झाइम तपासायचं. ते कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं तर डोस कमी करतात, पाचपटीवर गेलं तर थांबवतात. कॅप्सूल रात्री, जेवणानंतर किमान दोन तासांनी, नुसत्या पाण्याबरोबर. जेवणातल्या एकूण उष्मांकाच्या वीस टक्क्यांहून कमी तेलतूप ठेवायचं. तळलेलं खाल्लं की जुलाब लागतात आणि घरचे औषधालाच दोष देऊन ते बंद करतात. व्हिटॅमिन ई डॉक्टर वेगळं लिहून देतात.

आणखी एक कागद मी प्रत्येक घराला करायला सांगते. मुलाच्या दप्तरात चिठ्ठी ठेवा: ‘लोमिटापाइड चालू आहे, क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल देऊ नये.’ खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन सहज लिहिलं जातं, आणि त्याने रक्तातलं लोमिटापाइड कितीतरी पटींनी वाढतं.