प्रभार कुठे साचतो, हे सांगणारी सरळ रेषा

क्युमिल क्लोराइड या संयुगात बेंझीनच्या वलयाला एक कार्बन अणू जोडलेला असतो आणि त्या कार्बनवर दोन मेथिल गट व एक क्लोरीन असतो. नव्वद टक्के ॲसिटोन आणि दहा टक्के पाणी अशा मिश्रणात ते विरघळवले, की क्लोरीन निघून जातो, पाण्यातला OH गट त्याची जागा घेतो आणि द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होत जाते. हे आम्ल ठरावीक वेळाने मोजत गेले, की अभिक्रियेचा वेग कळतो. मात्र त्या वेगावरून एक गोष्ट थेट कळत नाही. क्लोरीन आपले इलेक्ट्रॉन घेऊन आधी निघून जातो आणि मागे धनप्रभारित कार्बन उरतो, की पाणी एका बाजूने बंध जोडू लागते तेव्हाच क्लोरीन दुसऱ्या बाजूने सुटू लागतो? या प्रश्नाचे उत्तर जुने बंध सुटताना आणि नवे जुळताना मधल्या क्षणी येणाऱ्या ज्या संक्रमणावस्थेत दडलेले आहे, ती सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढीही टिकत नाही. तिला बाटलीत भरून तपासता येत नाही.

रसायनशास्त्रज्ञ अशा वेळी आडवाटेने जातात. अभिक्रिया जिथे घडते त्या कार्बनला हात न लावता वलयाच्या दूरच्या टोकावरचा एक हायड्रोजन काढून त्या जागी दुसरा गट बसवायचा आणि वेग किती बदलला ते पाहायचे. इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या गटाने वेग मंदावला, तर संक्रमणावस्थेत वलयाजवळ धनप्रभार वाढत असावा. वेग वाढला, तर ऋणप्रभार. ही कल्पना साधी आहे, पण ‘ओढून घेणारा’ म्हणजे किती ओढून घेणारा, याला माप हवे. ते माप अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातले लुई हॅमेट यांनी 1937 साली मांडले.

हॅमेट यांनी मोजपट्टी म्हणून बेंझॉइक आम्ल निवडले. पाण्यात 25 अंश सेल्सिअसला या आम्लाचा pKa, म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, 4.20 आहे; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र. वलयावर आम्लगटाच्या अगदी समोर, म्हणजे पॅरा स्थानी, नायट्रो गट बसवला तर तो सुमारे 3.42 होतो, म्हणजे आम्ल अधिक तीव्र होते, कारण प्रोटॉन गेल्यावर मागे उरणारा ऋणप्रभार नायट्रो गट अंशतः आपल्याकडे ओढून घेतो. या दोन आकड्यांतला फरक 0.78 हाच पॅरा नायट्रो गटाचा स्थिरांक, सिग्मा. त्याच जागी मेथॉक्सी गट असेल तर pKa 4.47 होतो आणि सिग्मा −0.27 येतो, उणे चिन्ह सांगते की हा गट इलेक्ट्रॉन देणारा आहे. हायड्रोजनचा सिग्मा अर्थातच शून्य. आम्लगटाला लागून असलेले ऑर्थो स्थान हॅमेट यांनी वगळले, आणि ते योग्यच होते, कारण तिथला गट इलेक्ट्रॉनांखेरीज केवळ आपल्या आकारानेही अडथळा करतो आणि मग दोन परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

आता कोणतीही दुसरी अभिक्रिया घ्यावी, वलयावर वेगवेगळे गट असलेल्या संयुगांचे वेग मोजावेत, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर सिग्मा व उभ्या अक्षावर सापेक्ष वेगाचा लॉग मांडावा. बिंदू सरळ रेषेत आले, तर ती रेषा अशी लिहिता येते:

log(k/k₀) = ρσ

यातला k हा वलयावर गट असलेल्या संयुगाचा वेग, k₀ हा गट नसलेल्या संयुगाचा, σ म्हणजे सिग्मा, आणि ρ, म्हणजे ऱ्हो, हा रेषेचा चढ. बेंझॉइक आम्लाच्या आयनीभवनासाठी तो व्याख्येनेच 1 आहे. उभ्या अक्षावर लॉग घेण्याचे कारण असे, की वेगाचा लॉग हा संक्रमणावस्थेपर्यंत चढायला लागणाऱ्या मुक्त ऊर्जेच्या प्रमाणात बदलतो. 25 अंशांना दहापट वेग म्हणजे ऊर्जेत सुमारे 5.7 किलोज्यूल प्रतिमोलचा फरक. म्हणून दोन अक्षांवर खरे तर दोन ऊर्जा एकमेकींसमोर ठेवलेल्या असतात. हा लॉग दहा या पायाचा असतो. नवखे विद्यार्थी गणकयंत्रावर अनेकदा नैसर्गिक लॉग घेतात. रेषा तरीही सरळच येते, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही, पण चढ 2.3 पटींनी फुगतो आणि इतर अभिक्रियांच्या चढांशी केलेली तुलना निरर्थक ठरते.

पट्टी कशी वापरायची हे एका सोप्या उदाहरणावर पाहू. एथिल बेंझोएट या एस्टरचे अल्कलीच्या साहाय्याने जलीय विच्छेदन केले तर ऱ्हो सुमारे +2.5 येतो. पॅरा नायट्रो गटासाठी 2.5 × 0.78 म्हणजे जवळपास 2, म्हणजेच नायट्रो एस्टर साध्या एस्टरच्या सुमारे शंभरपट वेगाने तुटतो. धन चिन्हाचा अर्थ असा, की संक्रमणावस्थेत वलयाशेजारी ऋणप्रभार वाढत आहे. हायड्रॉक्साइड आयन कार्बोनिल कार्बनवर येऊन बसतो आणि त्याच्यासोबत आलेला प्रभार तिथे साठतो, या चित्राशी ते जुळते.

क्युमिल क्लोराइडची कहाणी याच्या उलट दिशेने जाते, आणि माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद तिथेच कळते. वलयावर काहीही नसलेल्या संयुगाचा वेग 1 धरू. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात एच. सी. ब्राउन आणि त्यांचे सहकारी ओकामोटो यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात 25 अंशांना घेतलेल्या मोजमापांत पॅरा नायट्रो संयुगाचा वेग 0.00026 होता, म्हणजे जवळपास 3,800 पटींनी कमी. पॅराच्या शेजारच्या, म्हणजे मेटा, स्थानी मेथिल गट असलेल्या संयुगाचा वेग 2.0 होता. हे दोन बिंदू आणि मेटा स्थानावरचे इतर गट कागदावर मांडले, तर −4.54 चढाची, वेगाने खाली उतरणारी रेषा मिळते. पडताळून पाहायचे तर मेटा मेथिलचा सिग्मा −0.07 आहे, त्याला −4.54 ने गुणले की 0.32 येतात, म्हणजे अपेक्षित वेग 2.1. मोजलेला 2.0. अशा रेषेवर भरवसा ठेवता येतो. उणे चिन्ह सांगते की संक्रमणावस्थेत वलयाशेजारी धनप्रभार साठत आहे, आणि चढाचा मोठेपणा सांगतो की तो थोडाथोडका नाही. क्लोरीन आधी निघून जातो, या बाजूने हा भक्कम पुरावा आहे.

आता त्याच कागदावर पॅरा मेथॉक्सीचा बिंदू मांडू. सिग्मा −0.27, म्हणून रेषेनुसार सापेक्ष वेगाचा लॉग 1.23 आणि वेग सुमारे 17 असायला हवा. मोजलेला वेग 3,360 आहे. हा बिंदू रेषेच्या खूप वर, एकटा उभा राहतो. अपेक्षेपेक्षा वेग दोनशेपट जास्त. आणि तोच मेथॉक्सी गट एक घर सरकवून मेटा स्थानी नेला, तर वेग 0.61 होतो, म्हणजे वाढायचे सोडून कमीच होतो.

प्रयोग करणाऱ्याला पहिली शंका अर्थातच आपल्या मोजमापाची येते. परंतु इथे चूक मोजमापात नाही, मोजपट्टीत आहे. मेथॉक्सी गटातल्या ऑक्सिजनकडे मोकळ्या इलेक्ट्रॉनजोड्या असतात. पॅरा स्थानावरून त्यांतली एक जोडी वलयाच्या दुहेरी बंधांतून थेट समोरच्या कार्बनपर्यंत पोहोचू शकते आणि तिथला धनप्रभार स्वतःच्या ऑक्सिजनवर वाटून घेऊ शकते. मेटा स्थानावरून हा मार्गच नसतो, म्हणून तिथे ऑक्सिजनचा केवळ इलेक्ट्रॉन ओढण्याचा गुण उरतो. बेंझॉइक आम्लात मात्र वलयाला लागलेल्या कार्बनवर रिकामी जागा निर्माण होत नाही, त्यामुळे मेथॉक्सीची ही क्षमता तिथे पुरती प्रकट होत नाही आणि −0.27 या आकड्यात ती मोजली जात नाही.

म्हणून ब्राउन आणि ओकामोटो यांनी चढ ठरवताना मेटा गटांचा आधार घेतला, कारण त्यांना हा थेट मार्ग बंद असतो, आणि मग पॅरा गटांचे स्थिरांक त्या रेषेवरून उलटे काढले. या नव्या मापाला सिग्मा प्लस म्हणतात. पॅरा मेथॉक्सीचा सिग्मा प्लस −0.78 आहे, पॅरा मेथिलचा −0.31; पॅरा नायट्रोचा मात्र 0.79, म्हणजे जवळपास जुनाच, कारण नायट्रोकडे देण्यासारखी मोकळी जोडी नाही. हे आकडे क्युमिल क्लोराइडवरूनच काढलेले असल्यामुळे त्याच अभिक्रियेच्या आलेखात ते नीट बसले याला पुरावा म्हणता येणार नाही, ही गोष्ट विसरून चालत नाही. पुरावा मिळतो तो एखाद्या नव्या अभिक्रियेत. तिथे तेच वेग एकदा सिग्माविरुद्ध आणि एकदा सिग्मा प्लसविरुद्ध मांडावेत. पहिल्या आलेखात मेथॉक्सीचा बिंदू रेषा सोडून उडाला आणि दुसऱ्यात रेषेवर बसला, तर धनप्रभार वलयाच्या थेट संपर्कात असलेल्या अणूवर आहे आणि वलय तो वाटून घेत आहे. साध्या सिग्मानेच सगळे बिंदू एका रेषेत आले, तर प्रभार जवळपास असेल, पण वलयाशी त्याचा असा थेट दुवा नाही. चढ सांगतो तो प्रभार धन की ऋण हे. आणि तो कुठे आहे, हे कोणते माप जुळते त्यावरून कळते.

ऱ्होच्या आकड्यावरून प्रभाराचे प्रमाण वाचताना मात्र सावध राहावे लागते. वलय आणि अभिक्रियेचे स्थान यांच्यात एक CH₂ गट आला, तर परिणाम साधारण निम्मा होतो. बेंझॉइक आम्लाचा ऱ्हो 1, तर फिनिलॲसेटिक आम्लाचा सुमारे 0.5, जरी दोन्हींत पूर्ण एक प्रभार तयार होतो. द्रावकही आकडा बदलतो. प्रभाराला फारसा आधार न देणाऱ्या द्रावकात वलयावरच्या गटांना अधिक काम करावे लागते, म्हणून पाणी आणि अल्कोहोल निम्मेनिम्मे घेतले की त्याच बेंझॉइक आम्लाच्या आयनीभवनाचा ऱ्हो दीडच्या वर जातो. तेव्हा अंतर आणि द्रावक सारखे असल्याखेरीज दोन ऱ्होंची तुलना करू नये.

सर्वांत फसवा असतो तो शून्याजवळचा ऱ्हो. एथिल बेंझोएटचे विच्छेदन अल्कलीऐवजी पातळ आम्लात केले, तर ऱ्हो जेमतेम +0.14 येतो. घाईने वाचणारा म्हणेल की इथे प्रभाराचा काही संबंध नाही. वास्तविक इथे दोन पायऱ्या आहेत. आधी एस्टरच्या कार्बोनिल ऑक्सिजनवर प्रोटॉन बसतो, आणि या समतोलाला इलेक्ट्रॉन देणारे गट मदत करतात. मग पाणी त्या कार्बनवर हल्ला करते, आणि त्याला इलेक्ट्रॉन ओढणारे गट मदत करतात. मोजलेल्या वेगात दोन्ही पायऱ्यांचे ऱ्हो मिसळलेले असतात आणि एक उणे, दुसरा अधिक असल्याने ते एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. अल्कलीत पहिली पायरी नसतेच, म्हणून तिथे त्याच एस्टरचा +2.5 उघडा पडतो.