कानाला न कळणारा पाठभेद

हिब्रू बायबलच्या जुन्या हस्तलिखितांत, उदाहरणार्थ 1008 च्या सुमाराच्या लेनिनग्राड कोडेक्समध्ये, अधूनमधून एखाद्या शब्दावर बारीक वर्तुळ दिसते. समासात दुसरा शब्द असतो आणि त्याखाली ‘क’ उच्चाराचे एक हिब्रू अक्षर. अर्थ असा, की आत लिहिले आहे ते ‘केतीव’, म्हणजे लिहिलेले. वाचताना मात्र समासातले ‘केरे’ वाचा.

ही पद्धत मासोरा परंपरेच्या पंडितांची. साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले वाचन स्वरचिन्हांनी टिपून ठेवले. मूळ मजकूर व्यंजनांतच लिहिलेला होता आणि त्या व्यंजनांना हात लावायचा नाही, हा त्यांचा दंडक. वाचन आणि लेखन जुळले नाही तर लिहिलेली व्यंजने तशीच राहत, त्यांच्याखाली वाचायच्या शब्दाचे स्वर येत आणि त्या शब्दाची व्यंजने समासात जात.

बहुतेक फरक किरकोळ असतात: जुने लेखन, एखादे जास्तीचे अक्षर. भाषांतरात त्यांचा मागमूसही उरत नाही. पण पंधराएक जागी ‘लो’ या शब्दाने घोळ घातला आहे. शेवटी आलेफ अक्षर असेल तर ‘लो’ म्हणजे ‘नाही’. वाव असेल तर ‘त्याला’ किंवा ‘त्याचा’. या जागी आत आलेफ लिहिलेला आहे आणि समास वाव वाचायला सांगतो. गंमत म्हणजे दोन्हींचा उच्चार एकच आहे. म्हणजे ‘असे वाचा’ म्हणणारी ही टीप ऐकणाऱ्याला कळतच नाही! इथे केरे उच्चार बदलत नाही, कोणता अर्थ घ्यायचा ते सांगते. चूक कशी शिरली असेल तेही यावरून दिसते. नकलून घेणारा वाक्य मनात म्हणत लिहितो आणि सारख्या ध्वनीचे दुसरे रूप उतरते.

यशया 9:3 मध्ये निर्णय सोपा आहे. केतीवप्रमाणे ‘तू राष्ट्र वाढवलेस, आनंद वाढवला नाहीस’ आणि लगेच पुढे ‘ते तुझ्यापुढे आनंद करतात’. हे जुळत नाही. केरे घेऊन ‘त्याचा आनंद वाढवलास’ म्हटले की वाक्य सरळ होते.

स्तोत्र 100:3 जरा अवघड आहे. ‘त्यानेच आम्हांला घडवले, आम्ही स्वतः नव्हे’ की ‘त्यानेच आम्हांला घडवले, आम्ही त्याचेच’? सप्तती या प्राचीन ग्रीक भाषांतराने पहिला अर्थ घेतला. चौथ्या-पाचव्या शतकातला भाषांतरकार जेरोम याने हिब्रूवरून केलेल्या लॅटिन स्तोत्रांत दुसरा. दोन्ही अर्थ मासोरा पंडितांपेक्षा कित्येक शतके जुने आहेत, त्यामुळे केवळ प्राचीनत्वावर निकाल लागत नाही. मग ओळीची बांधणी पाहायची. पुढचा चरण आहे ‘आम्ही त्याची प्रजा, त्याच्या कुरणातली मेंढरे’. हिब्रू काव्यात अनेकदा एक चरण दुसऱ्याचाच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगतो. त्यामुळे ‘त्याचेच’ जास्त पटते.

तरीही ‘नेहमी केरे घ्या’ असा नियम करता येत नाही. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने या दोन्ही ठिकाणी केतीव घेतले, पण ईयोब 13:15 ला केरे: ‘त्याने मला मारले तरी मी त्याच्यावर भरवसा ठेवीन’. भाविकांच्या तोंडी बसलेले हेच वाक्य. केतीवप्रमाणे ईयोब म्हणतो, ‘तो मला मारणार, मला आशा नाही’. श्रद्धेची कबुली की निराशा, हे एका अक्षरावर ठरते.

ही अडचण मासोरा पंडितांच्याही आधीची आहे. साधारण 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात (सोटा 5:5) याच ओळीबद्दल म्हटले आहे, की गोष्ट अजून तराजूत आहे: मी त्याची आशा धरतो की धरत नाही? उत्तरासाठी तिथे याच पुस्तकातले 27:5 पुढे केले आहे. त्यात ईयोब ‘मरेपर्यंत माझा प्रामाणिकपणा सोडणार नाही’ म्हणतो. पण मला जवळचा संदर्भ अधिक वजनदार वाटतो. त्याच ओळीचा उत्तरार्ध आहे ‘तरी मी माझे वर्तन त्याच्या तोंडावर योग्य ठरवीन’. जीवाची आशा सोडून वाद घालायला उभा राहिलेला माणूस असे बोलतो. पुढच्या ओळीत तो आपल्या तारणाचाही उल्लेख करतो, म्हणून केरे सर्वस्वी निराधारही नाही.

मराठीत ‘नाही’ आणि ‘त्याची’ यांचा ध्वनी एक नाही, तेव्हा संदिग्धता तशीच ठेवण्याची सोय नाही. मी मजकुरात ‘मला आशा नाही’ ठेवीन आणि दुसरा अर्थ तळटिपेत देईन. ही टीप अनेकदा ‘काही हस्तलिखितांत असा पाठ आहे’ अशी लिहिली जाते. इथे ते चूक आहे. दोन्ही रूपे एकाच हस्तलिखिताच्या एकाच पानावर आहेत. टीप अशी हवी: ‘लिहिल्याप्रमाणे अर्थ दिला आहे, वाचनपरंपरेप्रमाणे: मी त्याची आशा धरीन.’