पेटंट एजंट पात्रता परीक्षा

पेटंट अर्जदाराच्या वतीने पेटंट कार्यालयात कामकाज चालवण्याचा अधिकार मिळवण्यासाठी केंद्र सरकारचे पेटंट कार्यालय घेत असलेली परीक्षा. तिचा आधार पेटंट कायदा, 1970 मधील कलम 126 आणि पेटंट नियम, 2003 मधील नियम 110 हा आहे. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातले संशोधक, औषध कंपन्यांतले रसायनशास्त्राचे पदवीधर आणि हिंजवडी-बाणेर पट्ट्यात आधीची पेटंटे धुंडाळण्याचे काम करणारे नोकरदार हे तिचे नेहमीचे उमेदवार. पेटंट म्हणजे काय, हे येथे गृहीत धरले आहे.

पात्रता. उमेदवार भारतीय नागरिक असावा, त्याचे वय 21 वर्षे पूर्ण असावे आणि त्याच्याकडे भारतात कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाची विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील पदवी, अथवा केंद्र सरकारने समकक्ष ठरवलेली अर्हता असावी. कमाल वयाची किंवा पदवीतल्या टक्केवारीची अट कलमात नाही. पदविका मात्र पुरत नाही. बी.एस्सी., बी.फार्म., बी.ई. यांबाबत शंका उद्भवत नाही. अडचण येते ती सीमेवरच्या पदव्यांची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संगणकाचा पदवी अभ्यासक्रम वाणिज्य शाखेतही आहे (बीबीए-सीए) आणि विज्ञान शाखेतही (बीसीए-सायन्स). विषय बरेचसे सारखे असले तरी कलमातला शब्द ‘विज्ञानातील पदवी’ असा आहे. त्यामुळे पहिल्या पदवीवर हरकत येण्याची शक्यता अधिक दिसते. अर्ज भरण्याआधी पदवी प्रमाणपत्रावर शाखेचे नाव काय छापले आहे ते पाहावे.

वकिलांच्या वाटेचा वाद. 2005 च्या दुरुस्तीपूर्वी विज्ञानाची पदवी असलेल्या वकिलाला ही परीक्षा न देताच एजंट म्हणून नोंदणी करता येई. दुरुस्तीने ती वाट बंद केली. मद्रास उच्च न्यायालयाने 2013 मध्ये एस. पी. चोक्कलिंगम खटल्यात दुरुस्तीचा तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला. एका उच्च न्यायालयाचा असा निर्णय इतर राज्यांतही लागू होतो का, यावर मतभेद आढळतात. संसदेचा कायदा घटनाबाह्य ठरवणाऱ्या आदेशाचा परिणाम देशभर होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने कुसुम इंगॉट्स प्रकरणात (2004) नमूद केले आहे आणि तेच मत अधिक सयुक्तिक वाटते. पुण्यात संध्याकाळी एलएल.बी. करून परीक्षा टाळण्याचा बेत अनेक जण आखतात तो याच निकालाच्या जोरावर. पण बार कौन्सिलच्या नियम 49 नुसार वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे नोकरी न सोडणाऱ्याला ही वाट वादाचा निकाल कसाही लागला तरी उपयोगाची नाही. पेटंट एजंटावर असे बंधन नाही. कंपनीत नोकरी करत एजंट राहता येते.

गुणांचे गणित. पहिला पेपर पेटंट कायदा व नियमांवर, 100 गुणांचा. दुसरा स्पेसिफिकेशनचा, म्हणजे शोधाचे वर्णन करणाऱ्या दस्तऐवजाचा, मसुदा आणि अर्थ लावणे यावर, तोही 100 गुणांचा. तोंडी परीक्षा 50 गुणांची. प्रत्येक लेखी पेपरात किमान 50 गुण आणि एकूण 250 पैकी 60 टक्के, म्हणजे 150 गुण हवेत. उमेदवार फसतात ते या दुसऱ्या अटीत. दोन्ही पेपरांत जेमतेम 50 मिळवणारा लेखी पार करतो खरा, पण 150 गाठायला त्याला तोंडीत 50 पैकी 50 लागतील. पहिल्यात 56 आणि दुसऱ्यात 58 असतील, तर तोंडीत 36 लागतात. दोन्हींत 65 असतील, तर 20 पुरतात. लेखीचे लक्ष्य 50 नव्हे, 65 धरावे ते यासाठी.

नोकरीबरोबर तयारी. परीक्षा दरवर्षी ठरल्या वेळी होत नाही. 28 ऑक्टोबर 2018 नंतरची परीक्षा थेट 7 मे 2023 रोजी झाली आणि त्यापुढची 5 जानेवारी 2025 रोजी. घोषणा झाल्यावर रजा टाकून बसू, हा हिशेब म्हणूनच फसतो. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा मूळ मजकूर, कंपनीच्या बसमध्ये वाचता येतो. मसुदा लिहिण्याचा सराव तिथे होत नाही; त्याला रविवारची सलग तीन तासांची बैठक लागते.

लांबलेल्या तयारीचा दुसरा धोका जुन्या नोट्सचा. 15 मार्च 2024 पासून नियम बदलले आणि परीक्षण विनंतीची, म्हणजे अर्ज तपासावा असे पेटंट कार्यालयाला कळवण्याची, मुदत 48 महिन्यांवरून 31 महिन्यांवर आली. समजा, प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक स्वरूपाचा, अर्ज 10 जून 2024 रोजी दाखल झाला. कम्प्लीट स्पेसिफिकेशन 12 महिन्यांत, म्हणजे 10 जून 2025 पर्यंत द्यावे लागते. न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानले जाते. प्रकाशनाचे 18 महिने 10 डिसेंबर 2025 रोजी भरतात. परीक्षण विनंतीचे 31 महिनेही प्रोव्हिजनल अर्जाच्या तारखेपासूनच मोजायचे; ते 10 जानेवारी 2027 रोजी संपतात. कम्प्लीट दाखल झाल्यापासून मोजणारा 10 जानेवारी 2028 लिहितो, जुन्या नोट्सवाला 10 जून 2028. दोन्ही उत्तरे चूक. हाच अर्ज 10 फेब्रुवारी 2024 चा असता, तर जुनी 48 महिन्यांचीच मुदत लागू राहिली असती, कारण नियम बदलण्यापूर्वीच्या अर्जांना ती कायम ठेवली आहे. प्रश्नातली तारीख 15 मार्च 2024 च्या आधीची की नंतरची, हे आधी पाहावे.

दुसऱ्या पेपरात विज्ञान पदवीधर हरतो तो विज्ञानामुळे नव्हे, क्लेमच्या, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या वाक्याच्या, भाषेमुळे. वाफ सोडणारी पण डाळ न सांडू देणारी झडप असलेले डब्याचे झाकण घेऊ. नवखा पहिल्याच क्लेममध्ये ‘स्टेनलेस स्टीलचे उत्कृष्ट झाकण’ लिहितो. ‘उत्कृष्ट’ने काहीच ठरत नाही आणि ‘स्टेनलेस स्टील’मुळे अ‍ॅल्युमिनियमचे तसेच झाकण बनवणारा क्लेमबाहेर सुटतो. पहिल्या क्लेममध्ये झाकण, त्यातले छिद्र आणि छिद्रावर ठराविक दाबाला उघडणारी झडप एवढेच असावे. स्टील दुसऱ्या, पहिल्यावर अवलंबून असलेल्या क्लेममध्ये जाते. दुसऱ्या क्लेममध्ये ‘सदर रबरी कडी’ आली आणि पहिल्यात कडीचा उल्लेखच नसेल, तर तीही चूक. प्रयोगशाळेचा अहवाल लिहिण्याची सवय इथे आडवी येते, कारण अहवालात जितका तपशील तितका चांगला, आणि पहिल्या क्लेममध्ये नेमके उलटे. प्रत्यक्षातला अर्ज इंग्रजी किंवा हिंदीत लागतो. मराठी मसुदा सरावापुरता.

नोंदणी. निकालात नाव आले म्हणजे एजंट झाले असे नाही. फॉर्म 22 मध्ये शुल्कासह अर्ज करून नाव पेटंट एजंटांच्या नोंदवहीत चढवावे लागते आणि ते टिकवण्यासाठी पुढेही शुल्क भरावे लागते. कलम 127 खालील अधिकार नोंदणीनंतरच मिळतात.