गीझरच्या तारेतला ८.७ अँपिअर येतो कुठून?

घरातल्या २००० वॅटच्या गीझरमधून २३० व्होल्टला ८.७ अँपिअर धारा वाहते, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती धारा क्षणभरही स्थिर नसते. सेकंदाला ५० आवर्तनं, म्हणजे दर ०.०२ सेकंदाला ती शून्यापासून १२.३ अँपिअरपर्यंत चढते, उतरते आणि तेवढीच उलट दिशेला जाते. साधी सरासरी काढली तर ती शून्य येते, पण पाणी तर तापतंच.

कारण उष्णतेला धारेच्या दिशेशी देणंघेणं नाही. रोध R असेल तर प्रत्येक क्षणाची शक्ती i²R असते, आणि वर्ग ऋण होत नाही. म्हणून धारेची नव्हे, धारेच्या वर्गाची सरासरी घ्यायची आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. i ही त्या क्षणाची धारा, I₀ तिचं सर्वोच्च मूल्य आणि I ही आपल्याला हवी असलेली धारा धरली, तर एका आवर्तनकाळासाठी, T साठी, ते असं लिहितात:

I² = (1/T) ∫₀ᵀ i² dt, जिथे i = I₀ sin ωt, ω = 2π/T

sin² चं थेट संकलन अवघड वाटतं. त्रिकोणमितीतलं जुनं सूत्र वापरलं की ते सुटतं:

sin² ωt = (1 − cos 2ωt)/2

आता cos 2ωt चा आलेख T एवढ्या काळात बरोबर दोन पूर्ण फेऱ्या मारतो. अक्षावरचं आणि अक्षाखालचं क्षेत्रफळ सारखंच, त्यामुळे त्याचं संकलन शून्य. उरतं फक्त T/2:

I² = (I₀²/T)(T/2) = I₀²/2, म्हणून I = I₀/√2

गीझरसाठी १२.३ चा वर्ग सुमारे १५१, त्याचा निम्मा ७५.६, वर्गमूळ ८.७. तारेचा रोध सुमारे २६.४५ ओहम, ७५.६ ला त्याने गुणलं की २००० वॅट मिळतात. ८.७ अँपिअरच्या स्थिर धारेनेही पाणी याच वेगाने तापलं असतं.

पण √२ हा आकडा फक्त साइन लहरीचा आहे, आणि नेमकं इथेच बरेच जण फसतात. स्वस्त मल्टिमीटर वर्ग करतच नाहीत; ते धारेची दिशा एकसारखी करून सरासरी काढतात आणि तिला १.११ ने गुणतात. साइन लहरीला हे अचूक बसतं, कारण तिथे ती सरासरी 2I₀/π असते. आता समजा, त्याच तारेला थायरिस्टरचा रेग्युलेटर लावून प्रत्येक अर्ध्या लहरीचा पहिला निम्मा भाग कापला. संकलन उरलेल्या भागापुरतंच करायचं. सममितीमुळे ते बरोबर निम्मं होतं. I² = I₀²/4, म्हणजे I = ६.१५ अँपिअर आणि शक्ती १००० वॅट. सरासरीही निम्मी होते, ३.९२ अँपिअर, आणि तिला १.११ ने गुणून मीटर ४.३५ दाखवतो. त्यावरून शक्ती काढली तर ५०० वॅट येते. तार मात्र दुप्पट तापत असते. अशा ठिकाणी ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटरच हवा, कारण तो प्रत्यक्ष लहरीच्या वर्गाची सरासरी काढतो.