आबनुसाची चकती आणि गॅलिलिओचा बर्फ

१६११ साली इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बर्फावरून वाद पेटला होता. थंडीने वस्तू आकसतात, म्हणून बर्फ हे घट्ट झालेलं पाणी, असं ॲरिस्टॉटलला मानणारे पंडित म्हणत. मग तो बुडत का नाही? तर म्हणे पसरट असतो, त्याला पाणी कापून खाली जाता येत नाही. गॅलिलिओचं म्हणणं उलट होतं: गोठताना पाणी फुगतं आणि बर्फ पाण्याहून हलका होतो. पसरट तुकडा तळाशी दाबून सोडला, तर तो पाणी कापून वर येतोच ना!

तेव्हा लोदोविको देल्ले कोलोंबे या विरोधकाने आबनूस पुढे केलं. हे लाकूड पाण्याहून जड. त्याचा गोळा बुडाला, पण पातळ चकती पाण्यावर राहिली. म्हणजे आकारच महत्त्वाचा? पुरावा बिनतोड वाटत होता.

गॅलिलिओने चकती नीट निरखली. ती पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, खळग्यात बसली होती आणि कडेने पाण्याचा इवलासा बांध उभा होता. चकती पूर्ण भिजवून सोडली की बुडायची. पण तो बांध ढासळत का नाही? याचं श्रेय गॅलिलिओने चकतीला बिलगलेल्या हवेला दिलं, आणि इथे तो चुकला.

हा पृष्ठीय ताण होता. पाण्याच्या आतल्या रेणूला सगळीकडून सारखी ओढ असते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून जवळजवळ नसतेच. त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. थॉमस यंगने १८०५ मध्ये त्याचा नीट सिद्धांत मांडला. वाटीतल्या पाण्यावर कोरडं ब्लेड आडवं, अलगद ठेवा. पाण्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. ब्लेडच्या कडेला ते वाकडं दिसेल. तोच खळगा. आता साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, ताण कमी होतो आणि ब्लेड तळाला जातं.

बर्फाबाबत मात्र गॅलिलिओ बरोबर होता. १०० मिलिलिटर पाण्याचा साधारण १०९ मिलिलिटर बर्फ होतो. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी ठरावीक अंतरावर धरून असतो, त्यामुळे मध्ये पोकळ जागा राहते. बर्फ वितळला की ही रचना मोडते आणि रेणू जवळ सरकतात.

पण फुगणं गोठण्याआधीच सुरू होतं, हे एडिनबर्गच्या थॉमस होपने १८०५ च्या सुमारास दाखवलं. दहावीच्या पुस्तकातलं उपकरण त्याचंच. उंच नळकांड्यात पाणी, मधल्या भागाभोवती बर्फ-मिठाचं मिश्रण, वर-खाली दोन तापमापी. आधी खालचा उतरतो आणि ४ अंशांवर थबकतो, कारण त्या तापमानाचं पाणी सर्वांत जड, ते तळाशी साचतं. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर चढतं, म्हणून वरचा तापमापी शून्यापर्यंत उतरतो. थंड देशांतलं तळंही असंच वरून गोठतं, आणि खाली ४ अंशांच्या पाण्यात मासे फिरत असतात.