मेलेल्या घोड्याचेही पैसे मोजणारं साम्राज्य

१३३६ च्या सुमारास हरिहर आणि बुक्क या भावांनी तुंगभद्रेकाठी विजयनगरचं राज्य उभं केलं. पुढच्या अकरा वर्षांत उत्तरेला बहमनी सलतनत आली. दोघांमधल्या रायचूर दोआबासाठी, म्हणजे कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या सुपीक पट्ट्यासाठी, पिढ्यान् पिढ्या लढाया झाल्या. बहमनींचा जोर घोडदळावर होता आणि विजयनगरची खरी अडचणही तिथेच होती. दक्षिणेतल्या हवेत आणि चाऱ्यावर उत्तम लढाऊ घोडे पैदा होत नसत, आणलेलेही फार काळ टिकत नसत. म्हणून अरबस्तान आणि इराणमधून होर्मुझ बंदरामार्गे समुद्रातून येणारे घोडे सतत विकत घ्यावे लागत.

म्हणजे बंदर हातात असणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरने गोवा बहमनींकडून घेतला. १४७२ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानने तो परत जिंकला, तेव्हा घोड्यांसाठी भटकळ आणि होन्नावर उरली. पोर्तुगीज घोडेव्यापारी नुनीझ लिहितो की विजयनगरचा राजा नरसिंह व्यापाऱ्यांना मागतील ती किंमत देई. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली, तरी जिवंत घोड्याएवढे पैसे मिळत. माझ्या मते हा धूर्त हिशेब होता: प्रवासातला धोका राजाने उचलला की व्यापारी शत्रूच्या बंदराकडे कशाला वळेल? पुढे विजयनगरचा राजा झालेल्या कृष्णदेवरायाने ‘आमुक्तमाल्यदा’ या आपल्या तेलुगू काव्यात हेच धोरण मांडलं आहे: परदेशी व्यापाऱ्यांना घरं, गावं, मान द्या, म्हणजे हत्ती-घोडे शत्रूकडे जाणार नाहीत.

नुसते घोडे पुरत नव्हते. दुसऱ्या देवरायाने मुस्लिम घोडेस्वार आणि तिरंदाज सैन्यात घेतले. १५२० मध्ये रायचूरच्या वेढ्यात कृष्णदेवरायाच्या बाजूने पोर्तुगीज बंदूकधारीही होते.

व्यापार वाढला तशी जकात आली, आणि तिचा काही भाग देवळांकडे वळला. विजयनगरची राजधानी असलेल्या हंपीत मोठ्या देवळांसमोर लांबलचक बाजारपेठा आजही दिसतात. विठ्ठल मंदिरासमोरची पेठ जवळपास एक किलोमीटर लांब आहे. (हंपीची विठ्ठलमूर्ती भानुदासांनी पंढरपूरला परत आणली, ही वारकरी परंपरेतली आठवण याच देवळाशी जोडलेली.)

देवळात आलेला पैसा पडून राहत नसे. तिरुपतीच्या शिलालेखांत त्याची वाट स्पष्ट दिसते. दाता देवाच्या नावाने रक्कम देई. देवस्थान ती आपल्या गावांत तळी आणि कालवे खोदायला लावी. कोरडवाहू जमीन ओलिताखाली आली की पीक वाढे आणि त्या वाढीव पिकातून दात्याच्या नावाचा नैवेद्य कायमचा चाले. नैवेद्याचा चौथा हिस्सा दात्याला मिळे. तो विकताही येई आणि यात्रेकरू तो विकत घेत. म्हणजे एकाच दानातून देवाची पूजा, शेतीचं पाणी आणि दात्याचं उत्पन्न अशा तिन्ही गोष्टी साधत.

घोड्यांच्या बाबतीत मात्र परावलंबन सुटलं नाही. १५१० पासून गोवा पोर्तुगीजांकडे होता. १५४७ मध्ये त्यांच्याशी तह करून विजयनगरने गोव्यातल्या घोड्यांवर आपला एकट्याचा हक्क मिळवला. पण १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकजूट केली आणि तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी लुटली गेली.